चाळीस रुपये आणि खोबऱ्याची ओळ

तेहतीस वर्षं मी धुळ्याच्या देवपुरातल्या एका शाळेत मराठी शिकवलं. त्याची शिक्षा अजून भोगतो आहे. गल्लीत कोणाला काही लिहायचं असलं की माझ्या पायरीवर चपला वाजतात. नळाला पाणी येत नाही म्हणून अर्ज, मुलीचा बायोडाटा, दशक्रियेचा फलक, सगळं माझ्याकडे. पैसे कोणी देत नाही, वर सांगतात, "सर, जरा भारी लिहा." भारी लिहिणं म्हणजे काय हे त्यांना माहीत नसतं आणि मला सांगायचा आता कंटाळा येतो.

नवरात्र उठलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भिकुबाई आल्या. त्या पायरी चढत नाहीत, फाटकाशी उभ्या राहतात. अंगाला मसाल्याचा वास असतो म्हणून. मी कितीदा सांगितलं, त्या वासाला आम्ही पैसे मोजतो, या आत. ऐकत नाहीत.

"सर, एक पत्र लिहून पाहिजे. गिऱ्हाइकांना. मसाल्याचा भाव वाढवायचा शे."

भिकुबाई आमच्या मागच्या गल्लीत राहतात. साठी उलटली असेल, नक्की त्यांनाही माहीत नाही. मूळच्या दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातल्या. नवरा, पुना त्याचं नाव, दोंडाईच्याच्या मिरची बाजारात हमाली करायचा. तो गेला तेव्हा मुलगा सातवीत होता. सासरच्यांनी दोन महिने भाकरी दिली आणि तिसऱ्या महिन्यात तोंडं फिरवली. मग ही बाई एक पेटी आणि मुलगा घेऊन धुळ्याला आली आणि लोकांच्या घरी मिरच्यांची देठं खुडायला लागली. किलोवर मजुरी. हातांची आग व्हायची म्हणून रात्री गोडं तेल लावून, हात कापडात गुंडाळून झोपायच्या, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं, तेही हसत. देठं खुडता खुडता लोकांच्या मसाल्यातलं काय चुकतं ते दिसायला लागलं. एका घरी खोबरं कच्चं राहतं, दुसऱ्या घरी धने जळतात. एक वर्ष स्वतः पाच किलो करून पाहिला, तो चार दिवसांत संपला. आज बेचाळीस घरं त्यांच्याकडून वर्षाचा काळा मसाला दोन हप्त्यांत, उन्हाळ्यात आणि दिवाळीला, घेतात, आणि कॉलेजजवळच्या रुपचंदभाऊंची खानावळ एकटीच तीस किलो उचलते. मुलगा सुरतेला कंपनीत आहे. सून कामिनी इथं सासूजवळ असते, पाकिटं भरते, मोबाईलवर ऑर्डरी घेते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की या धंद्याला एकही पाटी नाही, जाहिरात नाही, छापील डबा नाही. भिकुबाईंचा मसाला म्हणजे भिकुबाईंचा शब्द. तो गेला की सगळं गेलं, हे त्या जाणून होत्या आणि मीही.

"घरी येतो," म्हटलं. आमच्या हिचा, ज्योत्स्नाचा, तेव्हा पूजेचा पसारा होता आणि मला घरातून बाहेर पडायला कारण हवंच होतं.

भिकुबाईंच्या अंगणात साडीच्या धडप्यावर मिरची वाळत होती. कामिनी नाकाला रुमाल बांधून देठं खुडत बसली होती. एका बाजूला खोबऱ्याच्या वाट्यांचं पोतं, पण त्याचं तोंड दोरीनं घट्ट आवळलेलं, सोनं भरल्यासारखं. मी खुर्चीवर बसलो आणि सवयीनं सुरू केलं. 'सन्माननीय ग्राहकहो, बाजारपेठेतील वाढत्या अस्थिरतेच्या पार्श्वभूमीवर मिरची, मसाले, खोबरे इत्यादी सर्वच कच्च्या मालाचे दर गगनाला भिडले असून…'

"सर," भिकुबाई म्हणाल्या, "हा इलेक्शनवाल्यांचा कागद वाटतोय."

कामिनी रुमालाच्या आत हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण अंगण मिरच्यांचंच होतं, काय बोलणार.

"आणि मिरची महागली असं कोणी सांगितलं तुम्हाला? मिरची यंदा उतरली शे. गेल्या सालापेक्षा किलोला पन्नास-साठनं कमी. दोंडाईच्याला शेतकऱ्याचे हाल चाललेत. ते पण लिहा."

"अहो, भाव वाढवायच्या पत्रात काय स्वस्त झालं ते कोण लिहितं?"

"मग गिऱ्हाईक बाजारात जाईल, मिरचीचा भाव विचारेल आणि म्हणेल, म्हातारी खोटं बोलली. महागलंय ते फक्त खोबरं. तेच लिहा."

खोबऱ्याचं खरं होतं. गेल्या वर्षी दीडशे-एकशेसाठला मिळणारं खोबरं यंदा चैत्रात सव्वादोनशेच्या पुढे गेलं आणि आता दिवाळीच्या तोंडावर साडेतीनशेच्याही वर. आणि भिकुबाईंचा मसाला खोबऱ्यावरच उभा आहे. किलोभर मिरचीला अर्धा किलो धने, खडा मसाला वेगळा, आणि पाऊण किलो खोबरं. त्या वाट्यांचे पातळ काप करायचे, लोखंडी कढईत मंद आचेवर काळपट होईपर्यंत परतायचे, मग बाकीच्या भाजलेल्या मालाबरोबर कांडपाला द्यायचे. रश्शाला जो दाटपणा येतो आणि वर जी तेलाची तर्री तरंगते ती या खोबऱ्याची.

"किती वाढवायचे?" मी विचारलं.

"चाळीस. सहाशेचे सहाशे चाळीस."

"साठ करा. सगळे दुकानदार करतात. पुढं आणखी वाढलं म्हणजे?"

"पुढचं पुढं. खोबऱ्यापायी साठ-पासष्ट जातात, मिरचीत वीस-पंचवीस सुटतात. चाळीसच होतात ना? कामिनीनं मोबाईलवर पाहिलं."

मी निमूट लिहायला लागलो. खरं सांगतो, मजा यायला लागली होती. इतक्या वर्षांत इतकं सरळ पत्र माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं. खोबरं किती महागलं, मिरची किती उतरली, म्हणून वाढ चाळीसची. नवा भाव या दिवाळीच्या मालापासून. ज्यांनी दसऱ्याआधी पैसे दिले आहेत त्यांना जुन्याच भावात. ज्याला परवडत नसेल त्यानं संकोच करू नये, अर्धा किलो, पाव किलो, लागेल तेवढाच घ्यावा. शेवटी मी आपली नेहमीची ओळ घातली, 'मसाल्याचा दर्जा आजवर कधीही कमी होऊ दिलेला नाही व पुढेही होऊ देणार नाही,' आणि मोठ्यानं वाचून दाखवली.

भिकुबाईंनी मिरच्यांत हात घातला होता, तो तसाच राहिला.

"कामिनी, जा, सरांना चहा ठेव," त्या म्हणाल्या. कामिनी आत गेल्यावर हळू आवाजात बोलल्या. गडबडल्या की त्यांची बोली वर येते. "सर, हाई ओळ खोटी शे."

"म्हणजे?"

"चैत्रात मी खोबरं कमी टाकलं. पाऊणच्या जागी अर्धा."

मी पेन खाली ठेवलं.

त्यांचं असं झालं होतं. होळीला भाव सांगायचा आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तो हलवायचा नाही, हा भिकुबाईंचा पहिल्यापासूनचा नेम. पुनानं बाजारात व्यापाऱ्यांचे भाव तासातासाला फिरताना पाहिले होते. तो म्हणायचा, आपण गरीब, आपला भाव तरी फिरू नये. यंदा होळीला त्यांनी सहाशे सांगून टाकले, लोकांनी पैसेही दिले, आणि नंतर खोबरं उसळलं. भाव वाढवला तर शब्द मोडतो. नाही वाढवला तर घरातून जातात. मग त्यांनी भाव सांभाळला आणि खोबरं कापलं. चैत्र-वैशाखाचा सगळा माल तसाच गेला, बेचाळीस घरांत.

"कोणी काही बोललं?"

"कोणी नही. एक माणूस बोललं नही, सर. तेच तर. कोणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं. माले रातले झोप लागत नही. बठ्ठासले सांगानं शे." त्यांना सगळ्यांना सांगायचं होतं.

आता मला माझ्याबद्दल सांगावं लागेल, आणि ते सांगताना मला लाज वाटते.

एक माणूस बोललं होतं. माझी बायको. चैत्रात नवा मसाला आला, ज्योत्स्नानं पहिल्यांदा वांग्याची भाजी केली आणि म्हणाली, "अक्कांचा मसाला यंदा काहीतरी वेगळा लागतोय. रस्सा आळत नाही." मी म्हटलं, दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी स्वतःचा हात बघ. पुढं आखाजीला मुलगी, जावई, व्याही-विहीणबाई सगळे आले होते. ज्योत्स्नानं काळ्या मसाल्याचा रस्सा केला आणि तो खरंच पाण्यासारखा झाला. माझं डोकं फिरलं. भरल्या पंगतीत मी म्हणालो, "आमच्या हिच्या हाताची चव गेली आता. वय झालं. मसाल्यावर ढकलते." विहीणबाई हसल्या, त्यांना वाटलं थट्टा. ज्योत्स्ना हसली नाही. तिनं पातेलं उचललं आणि आत नेलं.

त्या दिवसापासून तिनं आमच्या घरात रस्सा केलेला नाही. साधं वरण, पालेभाजी, भाकरी. पाहुणे यायचे म्हटलं की बाहेरून मागवते. मीठ घालताना मला विचारते, एवढं पुरे ना. चाळीस वर्षं जिनं शंभर माणसांचा स्वयंपाक अंदाजानं केला ती बाई चमचे मोजायला लागली. मी म्हणायचो, विसर आता, मी सहज बोललो. ती म्हणायची, "नाही, खरंच गेली असेल चव. माणसाचं आपलं आपल्याला कळत नाही." पाच महिने हे चाललं होतं. आणि आता ही म्हातारी मला सांगत होती की चव गेली नव्हती, खोबरं गेलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी माझ्या हातानं दिली होती.

मी काय करायला हवं होतं? उठून घरी जायचं, ज्योत्स्नाला सांगायचं. एका गल्लीचं अंतर. मी काय केलं ते ऐका.

मी भिकुबाईंना म्हणालो, "हे लिहू नका."

"का सर?"

"हात दाखवून अवलक्षण कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. भाव वाढवताय आणि त्याच कागदावर सांगताय की मागच्या वेळी कमी दिलं. कोण थांबेल? तुमची एवढ्या वर्षांची पुण्याई एका ओळीत जाईल. त्याऐवजी यंदापासून पुन्हा पाऊण टाका. झालं."

मी बोलत होतो ते व्यवहाराला धरूनच होतं. कोणीही हेच सांगितलं असतं. पण मला माहीत होतं की मी त्यांच्यासाठी बोलत नव्हतो. ते पत्र छापलं की बेचाळीसातला एक कागद माझ्या घरी येणार होता आणि तो ज्योत्स्ना वाचणार होती. मी तेहतीस वर्षं पोरांना निबंध शिकवला, 'सत्याचा महिमा'. त्या दिवशी मी एका अडाणी बाईला खरं लिहिण्यापासून परावृत्त करत होतो, आणि फार छान बोलत होतो.

भिकुबाईंनी दोन-चार देठं खुडली. मग म्हणाल्या, "तुम्ही शिकेल माणूस. तुम्हाला जास्त कळतं."

निदान ती दर्जाची ओळ मी खोडली. तेवढी लाज उरली होती. कामिनीनं चहा आणला. तो मी प्यायलो, आणि पत्र झेरॉक्सला गेलं.

घरी आलो तर ज्योत्स्नानं विचारलं, "काय लिहून दिलं अक्कांना?"

"भाववाढीचं. चाळीस रुपये."

"खोबरं महागलंय ना," ती म्हणाली, "बरोबर आहे बिचारीचं." आणि मला विचारलं की वरणात हिंग जास्त झाला का. मी म्हटलं, नाही, चांगलं झालंय. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. दुपारी वाटायचं, दिवाळी होऊन जाऊ दे, कशाला सणाच्या तोंडावर. संध्याकाळी मी पांझरा नदीच्या पुलापर्यंत फिरून यायचो आणि परत येताना ठरवलेलं सगळं विसरलेलं असायचं. पळपुटेपणाला म्हातारपणी फार कारणं सापडतात.

चौथ्या दिवशी भिकुबाई पुन्हा फाटकाशी आल्या. ज्योत्स्ना बाजारात गेली होती. त्यांच्या हातात पत्रांचा गठ्ठा तसाच होता.

"वाटली नाहीत?" मी विचारलं.

"एक दिलं. रुपचंदभाऊंना."

रुपचंदभाऊंनी पत्र वाचलं आणि खूश झाले. म्हणाले, अक्का, आजकाल कोण एवढं सांगतं. दुकानदार गुपचूप पाकिटातला माल कमी करतो आणि भाव तोच ठेवतो. तुम्ही निदान तोंडावर सांगून वाढवता, माल तोच देता. तीसऐवजी पस्तीस किलो लिहा. वर त्यांनी भिकुबाईंना नारळ-पेढा दिला.

"पस्तीस किलो," मी म्हटलं. "मग चांगलंच झालं की."

भिकुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या माझ्यावर कधी चिडल्या नव्हत्या, तेव्हाही चिडल्या नाहीत, पण ते पाहणं मला नको झालं. "सर, पाकिटात कमी माल टाकणारा म्हणून ज्याला ते शिव्या देत होते ना, ती मीच होती. त्यांच्यासमोर पेढा खाल्ला मी."

"मग आता?"

"आता काही नाही. तुम्हाला त्रास देत नाही. कामिनी लिहील. तिचं अक्षर काही भारी नाही, पण चालतं." आणि त्या निघून गेल्या.

मी खुर्चीतून उठलो नाही. तेव्हाही वेळ होती. ज्योत्स्ना बाजारातून आली, तिच्या पिशवीत मेथी आणि गवार होती, मी पिशवी हातातून घेतली, पाणी दिलं, आणि बोललो नाही.

पुढचे तीन दिवस कामिनी झेरॉक्सच्या प्रत्येक कागदाखाली निळ्या पेननं लिहीत होती आणि भिकुबाई एकेका घरी जाऊन हातात देत होत्या. मोबाईलवर पाठवा, असं कामिनी म्हणाली होती म्हणे. त्या म्हणाल्या, मोबाईलवर खरं बोलल्यासारखं वाटत नाही, समोर माणूस पाहिजे. गल्लीत बातमी फिरायला लागली होती. मला वाटलं ज्योत्स्नाला कोणाकडून तरी कळेल. पण ती आखाजीनंतर फारशी कोणाकडे जात नव्हती.

आमच्या घरी त्या रविवारी सकाळी आल्या. या वेळी फाटकाशी थांबल्या नाहीत. पायरी चढल्या, ओट्यावर आल्या, सोबत कामिनी आणि तिच्या हातात कापडी पिशवी. मी पेपर वाचत होतो. ज्योत्स्ना पदराला हात पुसत बाहेर आली.

"या अक्का, बसा. भाव वाढवला ना? ह्यांनी सांगितलं."

"वहिनी, आधी हे वाचा. मग बसते."

वर माझं पत्र होतं, झेरॉक्स केलेलं, नीट. खाली निळ्या शाईत कामिनीच्या गोल अक्षरात एवढंच होतं:

'चैत्र वैशाखात जो मसाला दिला त्यात खोबरे कमी टाकले होते. भाव बोलून बसलो होतो आणि खोबरे महाग झाले म्हणून. सांगायला पाहिजे होते, सांगितले नाही. चूक झाली. तुम्ही तेव्हा जितके किलो घेतले त्याच्या किलोमागे शंभर ग्रॅम भाजलेले खोबरे कुटून आणले आहे, ते तुमचेच आहे. आता पुन्हा पहिल्यासारखाच मसाला आहे. घ्यायचा नसेल तरी राग नाही. भिकुबाई.'

खाली अंगठा नव्हता, सही होती. भिकुबाई सही करायला कामिनीकडून शिकल्या हे मला तेव्हा कळलं.

ज्योत्स्नानं वाचलं. पुन्हा वाचलं. कामिनीनं पिशवीतून खोबऱ्याची पुडी काढून ओट्यावर ठेवली. आम्ही तीन किलो घेतला होता, तीनशे ग्रॅमची पुडी होती. कागदाला तेल सुटलं होतं.

"किती कमी होतं, अक्का?"

"पाऊणच्या जागी अर्धा."

"म्हणून रस्सा आळत नव्हता."

"हो वहिनी."

"मला कळलं होतं," ज्योत्स्ना म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

भिकुबाई रडायला लागल्या. "तुम्ही एकट्या असं म्हणाल्या. बेचाळीस घरांत कोणाला कळलं नव्हतं. मग तुम्ही बोलल्या का नाही मला? बोलायचं होतं ना, वहिनी. हक्कानं बोलायचं होतं."

ज्योत्स्नानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "मला वाटलं, माझंच चुकत असेल." मग भिकुबाईंना बसवलं, पाणी दिलं, विचारलं, "लोक काय म्हणाले?"

भिकुबाईंनी डोळे पुसत सांगितलं. चौतीस घरांनी दिवाळीचा मसाला सांगितला. चारपाच जणींनी बोलून घेतलं, दोघींनी दारातूनच पुडी घेतली आणि नको म्हटलं. रुपचंदभाऊंनी तीन किलो खोबरं मोजून घेतलं, पत्र खिशात घातलं आणि सांगितलं की यंदा जळगावहून मसाला मागवतो. ओरडले नाहीत. पस्तीस किलो एका मिनिटात गेलं. दिवाळीला सुनेला साडी घ्यायची होती, ती आता पुढच्या वर्षी. "पण माले झोप लागनी," भिकुबाई म्हणाल्या. "काल पहिल्यांदा लागनी."

मी मध्येच बोललो. बोलायलाच हवं होतं असं नाही, पण गप्प बसवेना. "मी तुम्हाला म्हटलं होतं, भिकुबाई. ती ओळ लिहिली नसती तर रुपचंद गेला नसता."

बोललो आणि माझं मलाच कळलं काय बोललो ते.

ज्योत्स्ना वळली. "कधी म्हटलं होतं?"

भिकुबाईंना बिचारीला काय माहीत. त्या भोळेपणानं म्हणाल्या, "सरांना तर मी सगळ्यांत आधी सांगितलं, वहिनी. पत्र लिहिलं त्याच दिवशी. आठ दिवस झाले. सर म्हणाले, नका लिहू, तुमचं नुकसान होईल. माझ्या भल्याचंच सांगत होते."

कामिनी पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती, मारलेली गाठ पुन्हा मारत होती. मी ज्योत्स्नाकडे पाहायचा प्रयत्न केला. ती रागावलेली दिसली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिला एकेचाळीस वर्षं ओळखतो. ती रागावली नव्हती. तिला आश्चर्यही वाटलं नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं.

तिनं आतून पैसे आणले. दोन किलोचे नव्या भावानं बाराशे ऐंशी. भिकुबाई जुनाच भाव द्या म्हणत होत्या, तिनं ऐकलं नाही. दोघींना चहा दिला, कामिनीला चिवडा बांधून दिला, फाटकापर्यंत सोडायला गेली. जाताना भिकुबाई मला म्हणाल्या, "सर, पत्र छान लिहिलं होतं. सगळे म्हणाले." मी मान हलवली.

ज्योत्स्ना परत आली तेव्हा मी उभा होतो. तेहतीस वर्षं मराठी शिकवलं आणि एक वाक्य जुळेना.

"ज्योत्स्ना, मी सांगणारच होतो."

तिनं खोबऱ्याची पुडी उचलली, तेल लागू नये म्हणून खाली पेपर धरला.

"ती बाई बेचाळीस घरी जाऊन सांगून आली," ती म्हणाली. "तुम्हाला एकाच घरात सांगायचं होतं."

ती स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेलो आणि तिथंच उभा राहिलो. तिनं कांदा चिरायला घेतला होता. मी आखाजीच्या पंगतीचं सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो, चुकीचं काय बोललो ते, का बोललो ते, आणि ती पाठमोरी ऐकत होती. माझं संपलं तेव्हा कढईत तेल तापलं होतं. तिनं मसाला घातला, चमचा न मोजता, आणि मला म्हणाली, "हेच मुलीला फोन करून सांगा. विहीणबाईंनाही. तेव्हा पंगतीला सगळे बसले होते."

मी फोन घेऊन ओट्यावर येऊन बसलो आहे. विहीणबाईंचा नंबर लावला आहे, रिंग जाते आहे.